पंचबोलला एकटीनं

गोपिका माझी नणंद. मी अठराव्या वर्षी लग्न होऊन नागपुरात आले, तेव्हा ती पंधराची होती आणि तिची दृष्टी जाऊन सहा वर्षं झाली होती. काटोलला असताना देवी आल्या, जीव वाचला, डोळे गेले. तिच्या भावानं, म्हणजे आमच्या मनोहररावांनी, लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी मला सांगितलं, "हिचा हात सोडजो नको." मी शब्दाची पक्की बाई. पंचवीस वर्षं सोडला नाही.

माझी जीभ तिखट आहे, हे आधीच सांगून टाकते. धरमपेठेत आमच्या बोळात कुणी गोपिकेला "बिचारी" म्हटलं, की मी त्याच्या सात पिढ्या बाहेर काढायची. पण बिचारी न म्हणताही माणसाला बिचारं करता येतं, हे मला फार उशिरा कळलं.

अंधविद्यालयात शिकून ती एका सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर झाली. बोर्डावर ज्या लाइनीची झडप पडायची, ती बोटांनी चाचपून नेमक्या भोकात दोरी खोचायची. दीडशे माणसांचे आवाज तिला पाठ होते. साहेबाला सर्दी झालेली साहेबाच्या बायकोच्या आधी गोपिकेला कळायची. पण घरून कचेरीत जाताना मनोहरराव सोबत, फाटकापासून खुर्चीपर्यंत शिपाई सोबत, परत येताना मी सोबत. चाळीस वर्षांच्या बाईनं घराबाहेर दहा पावलं एकटीनं टाकली नव्हती. शाळेनं दिलेली पांढरी काठी कपाटावर पडून होती. लोक काय म्हणतील, म्हणून ती मीच तिथं ठेवली होती.

अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीनंतरची गोष्ट. कचेरीतून येताना रिक्षात ती म्हणाली, "वहिनी, मले चिखलदऱ्याले जायचं हाये."

"काय हाये तिथं?"

"पंचबोल. परतवाड्याचे जंगलखात्याचे एक बाबू फोनवर सांगत होते. दरीत हाक मारली का पाच डाव परत येते."

मी म्हटलं, जाऊ, सगळेच जाऊ. ती मग म्हणाली, "सगळे नाई. तुमी या मले घेऊन. पण त्या जागेवर मी एकटी उभी राहीन. तुमी नाई, दादा नाई, कोणीच नाई. वीस वर्षं झाली, मी दिवसभर लोकायच्या हाका जोडून राहिली. एक डाव माही हाक माह्याकडं यावी, बस."

ते ऐकून मला वाईट वाटलं. हिला आमच्यात राहून एवढं एकटेपण हवंसं वाटतं, याचा मला रागही आला. दोन्ही एकदमच आलं, खोटं कशाला सांगू.

मनोहररावांनी ताटावरच विषय मोडला. "तिले दिसत नाई, मंग डोंगरावर नेऊन करतं काय?" जाऊबाईंनी सुचवलं, त्यापेक्षा रामटेकला दर्शन घडवा, पुण्य तरी लागेल. मी म्हटलं, पुण्याचं तुम्ही बघा, तिकिटाचं मी बघते. मी एकदा हट्टाला पेटले की आमच्या घरात कुणी मध्ये येत नाही.

तयारी मीच करणार, आणि मला सगळं कळतं, अशी माझी समजूत. पहिलं नाक कापलं गेलं एसटी स्टँडवर. मी आरक्षणाच्या खिडकीवर ऐटीत ड्रायव्हरच्या मागचं पहिलं बाक मागितलं. गोपिकेनं माझ्या खांद्याआडून सांगितलं, ते नको. क्लार्क म्हणाला, "बाई, समोरून रस्ता चांगला दिसते."

"दिसायचं नाई, ऐकायचं हाये," ती म्हणाली. "समोर इंजिनाच्या आवाजात कंडक्टरनं पुकारलेलं गाव ऐकू येत नाई. एकदम मागं हाडं खिळखिळी होतात. दारापासून दुसरं-तिसरं बाक द्या, खिडकीचं. खिडकीतून वास येते, वारा येते. दार जवळ असलं का उतरताना लोकायच्या पायातून जावं लागत नाई."

क्लार्कनं मुकाट्यानं दारापासून तिसरं बाक लिहून दिलं. सकाळची पहिली गाडी तिनंच सांगितली. दुपारी उजेडात पोचलो, तर मला खोली नीट बघता येईल आणि तिला नीट समजावता येईल. आंधळ्या बाईला उजेडाची फिकीर आणि डोळसाला नाही, असा आमचा कारभार.

दुसरं काम लॉजचं. वनराई लॉज म्हणून एक होता, त्याचा पत्ता त्याच परतवाड्याच्या बाबूनं दिला. पत्र गोपिका सांगत गेली, मी लिहीत गेले. खोली तळमजल्यावरची, शक्यतो कोपऱ्यातली, म्हणजे मोजायची दारं कमी. न्हाणी खोलीला लागून. आणि एक वाटाड्या हवा, असा जो बोटानं दाखवणार नाही, तोंडानं सांगेल. "'ते पाहा तिकडं' म्हणणारा नको," हे वाक्य तिनं दोनदा लिहायला लावलं. मालक चंपतरावांचं उत्तर आलं, सर्व सोय होईल, निश्चिंत यावे.

मग घरी तालीम. मी दोन खोल्यांतली पावलं मोजून तिला सांगायची. पलंगापासून न्हाणीपर्यंत नऊ पावलं, असं मी ठणकावून सांगितलं. ती नऊ पावलं चालली आणि उजवीकडं वळून थेट भिंतीला भिडली. माझी टांग लांब, तिची लहान. मी माझी पावलं तिला देत होते. "वहिनी, चालायचं मले हाये," ती हसून म्हणाली. हसण्यावारी गेलं, पण ते वाक्य मला लागलं होतं.

दोरीची युक्ती तिचीच. इतवारीतून काथ्याची जाड दोरी आणली. दर दहा हातांवर एक गाठ, आणि शेवटी एकावर एक तीन गाठी. तीन गाठी हाताला लागल्या, की थांबायचं. दरीच्या काठापासून पुष्कळ अलीकडं दोन झाडांना ती ताणून बांधायची. दोरी धरून ती एकटी जाईल आणि दोरी धरूनच परत येईल. एकेक गाठ मी ओढून पाहिली.

डिसेंबरात, गर्दी नको म्हणून आडवारी, आम्ही निघालो. वाडी, कोंढाळी, तळेगाव, तिवसा, कंडक्टर पुकारत गेला आणि गोपिका प्रत्येक गावाला मान हलवत गेली. कोंढाळीला संत्र्यांचा वास आला तेव्हा तिनं खिडकीबाहेर तोंड काढलं. "बाबा आणायचे तसा," म्हणाली. अमरावतीला चहा घेतला, परतवाड्याला गाडी बदलली. घाट लागला तसे तिच्या कानांना दडे बसून ते मोकळे व्हायला लागले. "चढून राहिलो ना," असं ती दर वळणाला मला विचारी. मी बघून सांगायच्या आत तिला कळलेलं असे.

लॉजवर चंपतराव हात जोडून उभे. भला माणूस. ताईंना कुठं लागू नये म्हणून त्यांनी खोलीतलं टेबल, खुर्ची, स्टूल, कपड्यांचा स्टँड सगळं बाहेर काढून ठेवलं होतं. दोन खाटा तेवढ्या मधोमध. मोठ्या अभिमानानं म्हणाले, "पाहा, मैदान करून देल्लं."

गोपिका उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, "काका, मैदानातच मी हरवतो. टेबल असलं का मले कळते मी कुठं हाओ. सामान परत ठेवा, फक्त मंग हलवू नका."

चंपतरावांचा चेहरा उतरला. मला त्यांची दया आली, कारण पंचवीस वर्षं मीही हेच करत होते. तिच्या वाटेतलं सगळं उचलून ठेवायचं आणि वर अभिमान बाळगायचा.

सामान परत लागलं. खाटा भिंतीला सरकल्या. मग गोपिकेनं उजवा हात भिंतीला लावून खोलीला एक पूर्ण फेरी मारली, दारापासून दारापर्यंत. नंतर दाराला पाठ टेकून उभी राहिली आणि मी घड्याळाच्या काट्यांवर सांगत गेले. दोन वाजता तुझी खाट, अकरा वाजता टेबल, त्यावर तांब्या उजव्या कोपऱ्यात, नऊ वाजता न्हाणीचं दार. नऊ वर्षांची होईतो तिनं घड्याळ पाहिलेलं होतं, म्हणून तिला ते सोपं जाई. न्हाणीत गरम पाण्याची बादली कायम नळाच्या डावीकडं, असं पाणक्याला बजावलं. खोलीबाहेर पडून उजवीकडं चौदा पावलं, मग दोन पायऱ्या खाली, मग अंगण. ही चौदा पावलं तिची होती, मी फक्त मागून मोजली. सगळ्या खोल्यांच्या कड्या सारख्या, म्हणून आमच्या कडीला सुतळीचा तुकडा बांधला. अर्ध्या तासानं ती एकटी अंगणात जाऊन परत आली आणि खाटेवर बसून म्हणाली, "ही खोली आता माही हाये." इतकी खूश मी तिला घरी कधी पाहिली नव्हती.

वाटाड्या म्हणून नानाजी आले. जंगलखात्यातून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. ते तिचा दंड धरायला गेले, तर तिनं त्यांना थांबवलं. "तुमी मले धरू नका. मी तुमचं कोपर धरतो आन् अर्धं पाऊल मागं चालतो. चढ आला तर चढ म्हणा, उतार आला तर उतार." नानाजींना ते एकदा सांगून पुरलं. मला ते पंचवीस वर्षांत तिनं कधी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं.

सकाळी वारा पडलेला असतो आणि फिरायला येणारे नसतात, म्हणून सूर्य वर आल्याबरोबर पंचबोलला गेलो. नानाजींनी दोरी ताणून बांधली. शेवटच्या तीन गाठींपासून काठ त्यांच्या पावलांनी वीस पावलं पुढं होता. "दोरी सोडून पाऊल टाकू नका, ताई."

"मले मरायचं नाई नानाजी, हाक मारायची हाये."

ठरलं असं, की तिला दोरीशी सोडायचं आणि आम्ही दोघांनी मागं वळणापर्यंत, चहाच्या टपरीशी जाऊन बसायचं. नानाजी निघाले. आणि मी, शब्दाची पक्की बाई, जागची हलले नाही. मी आधीच बांगड्या काढून रुमालात बांधून कमरेला खोचल्या होत्या, आवाज होऊ नये म्हणून. पदर तोंडात धरून सागाच्या खोडाशी उभी राहिले. मला ती दरी दिसत होती. तिला दिसत नव्हती. एवढंच माझ्या डोक्यात होतं.

गोपिका दोरी धरून गेली. गाठ, गाठ, गाठ. तीन गाठींशी थांबली. पाठ ताठ. पुष्कळ वेळ तशीच उभी होती. मी वाट पाहत होते, आता मारेल, आता मारेल. तिनं हाक मारलीच नाही. मान थोडी वळवली, मग दोरी धरून सावकाश परत आली. मी घाईनं दहा पावलं मागं जाऊन, चालत आल्यासारखी पुढं आले. "मारली का गं?" असं विचारायची माझी हिंमत पाहा.

"गळा धरला," ती म्हणाली.

दिवसभर नानाजींनी आम्हाला फिरवलं. कॉफीच्या मळ्यात तिनं पानं चुरगळून वास घेतला. गाविलगडावरच्या तोफेवर हात ठेवून तिची कोरलेली अक्षरं चाचपली, तोफेच्या तोंडात हात घालून रुंदी पाहिली. नानाजी सांगत होते, ती ऐकत होती, हं म्हणत होती. पण सकाळची गोपिका कुठंतरी राहून गेली होती.

संध्याकाळी अंगणात चहा घेताना ती शांतपणे म्हणाली, "वहिनी, तुमी तिथंच होत्या."

"कोण म्हणते?"

"खाली सागाची वाळली पानं होती. जाताना एकाच माणसाचे पाय वाजले. नानाजीचे."

बांगड्या काढायची अक्कल मला होती, पानांची नव्हती. शरम वाटायला हवी होती, पण आधी मला रागच आला. मी म्हटलं, "मंग काय करू वं? पाय घसरला असता तर तुह्या भावाले काय तोंड दाखवलं असतं?"

"दोरी तुमीच ओढून पाह्यली होती ना?"

"पाह्यली."

"मंग?"

तिनं कप खाली ठेवला, नेमका बशीत. "तुमी वाईट नाई वहिनी. तुमच्या जिवावर मी जगली. पण तुमची नजर माह्यावर हाये हे मले झोपेतबी कळते. डोळे नाई तरी कळते. मले एकदा पाहाचं हाये, कोणी पाहत नसलं का मी कशी असतो ते."

मी रडले. ती उठून माझ्याकडं आली नाही, आणि ते बरंच झालं. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा कळलं, की मी तिचा हात धरला होता तो तिच्यासाठी कमी, माझ्या भीतीसाठी जास्त. नवऱ्याला दिलेला शब्द पाळता पाळता मी त्या पोरीला आयुष्यभर एका जागी बसवून ठेवलं होतं.

परतीची गाडी दुसऱ्या दिवशी अकराला होती. सकाळी नानाजी दारात आले. मी दोरी त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "नानाजी, आज मी येत नाई. तुमी बांधा, तिले दोरीपाशी सोडा आन् टपरीवर जाऊन बसा. मी काही निरोप धाडला तरी ऐकू नका. हिचंच ऐका."

गोपिका खोलीत उभी होती. पेटीत तळाशी पांढरी काठी ठेवून मी आणली होती, का आणली ते मलाच ठाऊक नव्हतं. ती काढून तिच्या हातात दिली. तिनं ती वरपासून खालपर्यंत चाचपली, एकदा फरशीवर टेकवली, आणि उजवीकडं वळून चौदा पावलं गेली. दोन पायऱ्या उतरल्याचा आवाज मी ऐकला. मग नानाजींच्या जोड्यांचा आणि काठीचा आवाज रस्त्यापर्यंत आला आणि बंद झाला.

लॉजपासून पंचबोल लांब. तिथली हाक खोलीत ऐकू येणं शक्यच नव्हतं, तरी मी खिडकी उघडी ठेवली. लुगडी घड्या घालून पेटीत ठेवली, काढली, परत ठेवली. दोनदा चप्पल घातली, दोनदा काढली. चंपतराव चहा घेऊन आले, तो निवून गेला. तिला काही झालं तर, हा विचार येई. आणि त्याच्या मागोमाग, तिला काही झालं नाही तर, हाही येई. माझ्याशिवाय तिचं सगळं नीट झालं, तर मग मी कोण, असं मला वाटत होतं. असलं कुणाला सांगता येत नाही.

सव्वा तासानं काठीचा आवाज आला. पायऱ्या दोन, मग पावलं. मी मोजली, चौदा. दारात थांबून तिनं कडीची सुतळी चाचपली आणि आत आली. कपाळावर घाम, केस सुटलेले, ओठ सुकलेले. खाटेवर बसली, हातातली काठी सोडली नाही. माझ्या ओठांवर आलं होतं, काय हाक मारली गं, कुणाला मारली? मी ते गिळलं.

ती म्हणाली, "तुमी खरंच नव्हत्या."

"नव्हते."

"पानं ऐकली मी. पुष्कळ वेळ ऐकली." मग तिनं काठी फरशीवर टेकवली. "पाची डाव आली वहिनी."

एवढंच. गाडीत पुन्हा दारापासून तिसरं बाक होतं. परतवाड्यापर्यंत ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. नागपुरात उतरताना मी सवयीनं हात पुढं केला, आणि तिनं माझं कोपर धरलं.

त्यानंतर कचेरीतून ती काठी घेऊन एकटी यायला लागली. मनोहरराव पहिले आठ दिवस लपून मागं जात. मी त्यांना सांगितलं, ती तुमचे पाय ओळखते, उगा चप्पल झिजवू नका.

आता तिला जाऊन दहा वर्षं झाली. तिचं बोलणं, हसणं, रिक्षातल्या गप्पा सगळं माझ्याजवळ आहे. त्या सकाळी दरीकाठी ती कशी उभी होती, रडली की हसली, आईला हाक मारली की बाबांना, की स्वतःचंच नाव घेतलं, हे मला माहीत नाही. नानाजी टपरीवर होते, त्यांनी ऐकलं नाही. मी कधी विचारलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही. तिच्या सबंध आयुष्यातली तेवढी एक गोष्ट मी पाहिलेली नाही. मला ती फार फार पाहावीशी वाटते.